काकीचं तळं आणि माझी बादली

आधी काकीविषयी लिहिते. तिच्याविषयी लिहिल्याशिवाय पुढचं काही लिहायचा मला हक्क नाही असं वाटतं. तिचं नाव लिहीत नाही. लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाली, "नको गो. गावात माजं नाव आदीच पुष्कळ झालंय."

आम्ही मूळ वाशीमकडचे. मी सातवी शिकले. पुढची शाळा लांब होती आणि घरी पाठची तीन भावंडं सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. लग्नानंतर नवरा कंत्राटदाराच्या माणसांबरोबर इकडं, पेण आणि रोह्याच्या मधल्या खाडीपट्ट्यात, एका वीज कंपनीत कोळशाच्या कामाला आला. मागोमाग मीही आले. खोली मिळेना. आमची बोली ऐकली की लोक विचारायचे, कुठले तुम्ही, किती दिवस राहणार. तीन घरांनी नाही म्हटलं. चौथं घर काकीचं. ती ओट्यावर बसून जाळं सांधत होती. मी म्हटलं, "खोली पायजे होती माय."

ती हसली. "माय काय म्हनतेस गो, मी काय तुजी आई हाय? काकी म्हन." आणि आत जाऊन पडवीच्या खोलीची कडी काढली.

पहिल्याच पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. नवरा शिफ्टला. काकीनं मासळीच्या टेम्पोत दोन टोपल्यांच्या मधे मला बसवून पेणच्या दवाखान्यात नेलं. पाच दिवस ती उशाशी होती. पेज करून आणायची, आणि मी नको म्हटलं की म्हणायची, "तुज्या वाशीमला समुद्र नाय म्हनून तुला मिठाची सवय नाय. खा." मला आईची आठवण येऊन रडू यायचं आणि तिला वाटायचं पेज खारट झाली.

तर अशी ही काकी. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन रोह्याला. तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, बांधाच्या आतलं जिताड्याचं, म्हणजे खाडीतल्या एका मोठ्या माशाचं, तळं.

इकडं खाडीच्या काठानं मातीचे बांध घातलेले आहेत, भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून. बांधात एके ठिकाणी लाकडी फळ्यांचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. काकीच्या तळ्याची उघाडी तिच्या सासऱ्यानं बसवलेली. अमावास्या-पुनवेच्या आसपास उधाणाचं पाणी चढलं की फळ्या वर ओढायच्या, नवं पाणी आणि त्याबरोबर बारीक मासे, कोळंबी आत घ्यायची, आणि ओहोटी लागायच्या आत फळ्या खाली सोडायच्या. ते बारीक मासे खाऊन आतले जिताडे वाढतात. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी मिळणारी बोटाएवढी पिल्लं तिनं स्वतः धरून आणून सोडलेली. तीन वर्षांत ती तिच्या हातभर लांब झाली होती.

तिचा धाकटा दीर त्या तळ्यावर डोळा ठेवून होता. तळं मुरुमानं बुजवायचं आणि कंपनीच्या डंपरना उभं राहायला द्यायचं, असं त्याचं म्हणणं. खालची जमीन दोघांची सामायिक होती. काकी म्हणायची, "जवर आत मासा हाय तवर ते तलं. मासा नाय, तर खड्डा." दीर हसून म्हणायचा, "बरं वैनी, मासा हाय तवर." ही त्यांच्यातली बोली झाली होती, चार माणसांसमोर.

आता माझं काम सांगते.

मी कंपनीत झाडलोटीला लागले होते. एके दिवशी पर्यावरणाचं काम बघणारे साहेब आले आणि विचारलं, "तुमच्यात लिहिता-वाचता कुणाला येतं?" बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. मी हात वर केला. पण तो पुरता वर गेला नाही, कारण सातवी म्हणजे काही शिक्षण नव्हे हे मला माहीत होतं.

काम असं होतं. कंपनी खाडीतून पाणी ओढते. वाफेवर चाकं फिरवून वीज झाली की ती वाफ पुन्हा थंड करून पाणी करावी लागते, त्यासाठी खाडीचं पाणी नळ्यांच्या जुडग्यांतून फिरवतात. वाफेची उष्णता घेऊन ते खाडीचं पाणी तापतं आणि एका काँक्रीटच्या पाटानं परत खाडीत जातं. त्यात कोळसा नाही, तेल नाही, रंग नाही. दिसायला नितळ. फक्त हात घातला तर अंघोळीच्या पाण्यासारखं. जिथून ओढतात तिथं एकतीस अंश असलं तर पाटाच्या तोंडाशी अडतीस भरायचं. मी आठवड्यातून दोनदा ते तापमान लिहायचं आणि पाटाच्या पुढं, खाडीत जिथं पाणी मिसळतं तिथून, काचेच्या बुचाच्या बाटल्या भरायच्या. बाटलीत लगेच दोन औषधांचे थेंब टाकायचे. पाण्यात विरघळलेली हवा, म्हणजे प्राणवायू, असला तर आत तपकिरी साका धरतो. मग बाटल्या खोक्यात घालून गाडीबरोबर रोह्याच्या प्रयोगशाळेत. तिथून आकडा यायचा. तो आकडा मी वहीत चढवायचा आणि खाली सही करायची.

सही! माझी सही कुणाला लागत होती? मी नव्या वहीवर ती वळणदार करायला शिकले.

खाली पाण्यापर्यंत लोखंडी पायऱ्या होत्या, शेवाळ चढलेल्या. पूर्वी एक माणूस तिथं घसरून पडला होता. म्हणून साहेब म्हणाले, "तू खाली उतरू नकोस. वरून दोरीनं बादली सोड, भर, आणि बादलीतून बाटलीत ओत. आणि दोनच्या आत आटप, गाडी अडीचला निघते." माझ्या जिवाच्या काळजीनंच म्हणाले होते. ते वाईट माणूस नव्हते, हे मला लिहायलाच हवं.

मी तसंच करत राहिले. उन्हात उभी राहून बादली ओढायची, वरून धार धरून बाटली भरायची. धारेनं फेस यायचा, तो खाली बसेपर्यंत थांबायचं, मग बूच. साका चांगला गडद तपकिरी यायचा. मला तो रंग आवडायला लागला होता. रोह्याहून आकडा यायचा, साडेपाच, पाच पूर्णांक सात. साहेबांनी सांगितलं होतं, चारच्या वर म्हणजे मासा सुखात.

हिवाळ्यात काकीला मी हे सगळं सांगितलं. तिला मजा वाटली. तेव्हा पाटाच्या तोंडाशी मासाही पुष्कळ यायचा. थंडीत ऊन पाणी त्याला बरं वाटतं. गावातली पोरं तिथंच गळ टाकून बसायची आणि म्हणायची, कंपनी मासे शिजवूनच देते. काकी येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्याकडं बोट दाखवून सांगायची, "ही माजी पोर. शिकलेली हाय. बाटलीत पानी बगून सांगते, मासा सुकात हाय का दुकात."

"काकी, मी सातवी फक्त."

"मी तर सालंच्या दारात पन नाय गेले. मंग तू माज्यापेक्षा सात वरसं पुडं."

चैत्र सरला तेव्हा बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड. बांध फुटलेला असताना उधाणाचं पाणी आत घेता येत नाही, सगळंच आत येईल. काकीनं आणि दोन गड्यांनी माती टाकून खांड बुजवली, पण त्यात अमावास्येचं उधाण हातचं गेलं. तळ्यातलं पाणी उन्हानं खाली गेलं होतं, आणि खारटपणा चढला होता. पुढच्या पुनवेपर्यंत थांबणं तिला भीतीचं वाटत होतं. मधे अष्टमी आली. अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी अगदी लहान, पाणी थोडं चढतं, थोडं उतरतं, जागच्या जागी हललं न हललं. त्या दिवसांत सहसा उघाडी कुणी उघडत नाही. पण काकीच्या उघाडीचा उंबरा खोल होता, थोडंतरी पाणी आत आलं असतं.

त्या संध्याकाळी मी कामावरून येत होते. काकी बांधावर उभी होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. भरती जवळजवळ भरली होती. ती पाण्यात हात घालून उभी होती, बराच वेळ.

"काय बघतेस काकी?"

"पानी उबलंय," ती म्हणाली. "आन ह्ये बग."

बांधाच्या खाडीकडच्या अंगाला खेकडे वर चढून बसले होते. दोनचार नव्हेत, पुष्कळ. चिखलात शिरायचं सोडून कोरड्या मातीवर, एकमेकांना चिकटून. कडेच्या उथळ पाण्यात कोळंबी वरवर उड्या मारत होती. दोन पोरं ती हातानंच गोळा करत होती आणि ओरडत होती, "आज फुकाट! आज फुकाट!"

काकीला ते बरं वाटत नव्हतं. "खेकडा असा भायेर कदी बसतो? पानी सोडून?" ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "तुज्या बाटलीत काय आलं गो?"

परवाचाच आकडा होता. मला पाठ होता.

"साडेपाच. चांगलं हाय काकी."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मला अजून आठवतं, तिनं खेकड्यांकडं एकदा आणि माझ्याकडं एकदा पाहिलं. मग म्हणाली, "मंग उगडते," आणि फळ्यांना हात घातला. मी दुसऱ्या बाजूनं ओढायला गेले. दोघींनी मिळून उघाडी उघडली. कोमट पाणी माझ्या पायांवरून तळ्यात गेलं. पाय बरे वाटले. दिवसभर उभी होते ना.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी काकीनं मला उठवलं. ती हाक मारत नव्हती, खोलीच्या दारावर नुसता हात आपटत होती. आम्ही दोघी तळ्यावर पळालो.

पाण्यावर तोंडं होती. सगळीकडं. जिताडा तळाशी राहणारा मासा, तो असा वर येत नाही. ते वर येऊन तोंड उघडत होते, मिटत होते, कल्ले भराभर उघडझाप होत होते, माणसाला दम लागतो तसे. काकी पाण्यात उतरली. पाटी घेऊन पाणी उडवायला लागली, वर फेकायला लागली, पडू दे, फेस होऊ दे. तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. मीही उतरले. आम्ही दोघी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून पाट्यांनी पाणी मारत होतो. एवढ्या मोठ्या तळ्याला दोन पाट्या.

मोठे आधी गेले. सर्वांत मोठा, ज्याला ती 'दादला' म्हणायची, तो तिच्या मांडीला घासून गेला आणि थोडं पुढं जाऊन आडवा झाला. पांढरं पोट वर. ती त्याला दोन्ही हातांनी सरळ करत होती, पुढंमागं हलवत होती, कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. ऊन वर येईस्तोवर बहुतेक संपलं होतं. बारीक मासे मात्र कडेला, अगदी पाण्याच्या कातडीला तोंड लावून जिवंत होते.

गाव जमलं. कुणी म्हणालं विष टाकलं. दीर आला, तळ्याभोवती एक चक्कर मारून गेला. ती चक्कर मला फार लागली.

काकीनं दुपारी पोलीसपाटलाकडून कंपनीच्या आणि प्रदूषणाच्या ऑफिसच्या नावानं अर्ज लिहून घेतला. संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर माझी वही उघडी होती.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "आपलं रेकॉर्ड स्वच्छ आहे. तुझ्याच हातचं. त्याच आठवड्याचं साडेपाच, तुझी सही. पाणी चांगलं होतं. त्यांच्या तळ्यात काहीतरी झालं असेल."

माझ्या सहीचं वळण मला त्या दिवशी दिसलं. हो म्हणून बाहेर आले, आणि बांधावर चढून बसलेले खेकडे डोळ्यांपुढून हलेनात.

पुढच्या खेपेला मी साहेबांना सांगून बाटल्यांबरोबर स्वतः रोह्याला गेले. काकीच्या मुलीला भेटायचंय असं सांगितलं, ते खोटं नव्हतं. प्रयोगशाळा बाजाराच्या मागं, वरच्या मजल्यावर. तिथली ताई माझ्याच वयाची असेल. तिनं बाटलीतल्या साक्यात आम्ल घातलं तसं पाणी पिवळं झालं. मग एक थेंब पांढरट काहीतरी, आणि ते गडद निळं झालं. मग वरच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडत राहिली, आणि एका थेंबाला निळा रंग एकदम गेला. "किती थेंबांत रंग जातो त्यावर आकडा," ती म्हणाली.

मी तिला तळ्याचं सांगितलं. खेकड्यांचं सांगितलं. मोठे आधी गेले तेही सांगितलं. ती थांबली.

"मोठे आधी? मग विष नसावं. विषानं लहान जीव आधी जातो. श्वास कोंडला की मोठ्याला जास्त हवा लागते, तो आधी जातो." मग म्हणाली, "पण तुमचा आकडा तर साडेपाच. तुम्ही बाटली कशी भरता, दाखवाल?"

तिच्या मोरीतल्या बादलीतून मी दाखवलं. धार वरून धरली, फेस आला, फेस बसला, बूच लावलं. मला वाटलं ती शाबास म्हणेल.

तिनं बाटली माझ्या हातातून घेतली. "अहो, तुम्ही पाण्याला हवा पाजताय."

मला कळेना.

"बादलीतून उंचावरून ओतलं की हवा पाण्यात मिसळते. आम्ही मोजतो ती तुम्ही ओतलेली हवा. बाटली पाण्याच्या आतच भरायची असते, नळी तळाशी लावून, बुडबुडा न येऊ देता. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?" आणि मग, "किती वाजता भरता?"

"दोनला."

ती खुर्चीवर बसली. "दोनला तर उन्हात शेवाळं आणि पाण्यातल्या हिरव्या जिवांनी प्राणवायू सोडलेला असतो. तेव्हा पाणी सगळ्यांत चांगलं. सूर्य बुडाला की ते सोडणं बंद, आणि सगळे जीव नुसता घेतच राहतात. पहाटे सूर्य उगवायच्या आधी सगळ्यांत कमी."

मग तिनं मला पाणी तापल्यावर काय होतं ते सांगितलं. तिचे शब्द माझ्या भाषेत लिहिते. चूल पेटवली की पातेल्यात उकळायच्या आधी बारीक बुडबुडे धरतात, ती पाण्यातली हवा बाहेर पडत असते. ऊन पाण्यात हवा राहत नाही. आणि त्याच वेळी ऊन पाण्यातल्या माशाचं अंग जास्त वेगानं चालतं, त्याला हवा जास्त लागते. चिखलातला पालापाचोळाही वेगानं कुजतो, तोही हवा खातो. म्हणजे घरात धान्य कमी आणि त्याच दिवशी सगळ्यांना भूक दुप्पट. त्यात भांगाचे दिवस, पाणी हलत नाही, तापलेलं तिथंच साचत राहतं.

"आणि आम्ही ते आत घेतलं," मी म्हटलं. "संध्याकाळी. रात्र यायच्या आधी."

ताईनं मला चहा दिला. तो तसाच ठेवून मी निघाले.

परतताना एसटीत मी ठरवत होते की काकीला सांगायचं का नाही. खरं सांगते, नाही सांगायचं असंच जवळजवळ ठरलं होतं. नागोठण्याला गाडी बराच वेळ थांबली. खिडकीतून अंबा नदीचं पाणी दिसत होतं, आणि मला पाण्याकडं बघवेना. तेव्हा कळलं की असं राहता येणार नाही.

काकी चुलीपुढं होती. मी उभ्यानंच सांगितलं. बादली, धार, फेस, दोन वाजता, सगळं. "माझा आकडा खोटा होता काकी. मला ठाव नवतं, पण खोटा होता. तू माझ्या तोंडाकडं बघून उघाडी उघडलीस."

ती लाकूड आत सारत राहिली. मला वाटलं ऐकलंच नाही.

"खेकडा खरं सांगत व्हता," ती शेवटी म्हणाली. "माज्या सासऱ्यानं सांगितलेलं, खेकडा भायेर तर फली खाली. मला म्हाईत व्हतं. पन मला वाटलं, माजी पोर शिकलेली हाय, बाटली सांगते, ह्यो तर नुसता खेकडा." मग हसल्यासारखं केलं. "तुजी बाटली आन माजा खेकडा, दोगांत मी बाटलीला मान दिला. जेव आता."

मी जेवले नाही. तिनं ताट झाकून ठेवलं. सकाळी ते तसंच झाकलेलं होतं, आणि तिनंही खाल्लेलं नव्हतं.

पुढच्याच भांगाला प्रदूषणाच्या ऑफिसातून एक अधिकारी आला. आदल्या दिवशी नवऱ्यानं मला समजावलं. "तुले काय करायचं? बाटली भर, सही कर. आपण दोघं इथं एका गेटपासवर आहोत. माया पास तुया पाससोबत जाईन." तो चूक नव्हता. घरी त्याची आई आमच्याच भरवशावर होती. मी त्याला म्हटलं, "पाच दिवस उशाशी कोण बसलं होतं?" तो भिंतीकडं वळून झोपला.

अधिकारी दोन वाजता आला. पाटाच्या तोंडाशी साहेब, तो अधिकारी, दोन माणसं, आणि थोडी बाजूला काकी. तिला गेटातून आत घेतलं होतं, अर्जदार म्हणून. साहेब मला म्हणाले, "घे सँपल. नेहमीसारखं."

मी दोरी हातात घेतली. बादली पाण्यावर गेली. सातवीत मास्तर फळ्यापुढं उभं करायचे तशी सगळ्यांपुढं उभी होते. मी बादली न भरता वर ओढली.

"साहेब," मी त्या अधिकाऱ्याला म्हटलं, "मी आजवर चुकीचं भरलं. असं ओतलं की हवा मिसळते. वहीतले सगळे आकडे तसलेच आहेत. आणि दोनला पाणी बरं असतं. पहाटे या, आणि खाली उतरून भरा."

साहेबांचा चेहरा मी पाहिला नाही. पाहिला असता तर माफी मागितली असती, माझी सवयच तशी. अधिकारी माझ्याकडं वळला. "तुमचं शिक्षण?" त्यानं विचारलं.

काकी मागून म्हणाली, "सातवी. माज्यापेक्षा सात वरसं जास्त."

तो हसला नाही. म्हणाला, "मी पेणला मुक्कामी आहे. सकाळी पाचला येतो."

आला. कमरेला दोरी बांधून त्याचा माणूस शेवाळलेल्या पायऱ्या उतरला. त्यांच्याकडं एक जड भांडं होतं, त्यात बाटली बसवलेली. भांडं पाण्यात खाली गेलं की नळीतून पाणी थेट बाटलीच्या तळाशी शिरतं, आणि आधीचं हवा लागलेलं पाणी वरून वाहून जातं. मी वरून बघत होते. पूर्वेला नुसतं फटफटलं होतं. बाटलीत थेंब टाकले. साका धरला. माझा ओळखीचा गडद रंग नव्हता. दुधात चहाचा एक थेंब पडावा तसा, पांढुरका. मग काकीच्या तळ्यातली, तळाची बाटली भरली. तिच्यातला साका पांढराच राहिला.

"बग गो," काकी म्हणाली, "ह्योच रंग त्याच्या पोटाचा व्हता." दादल्याच्या.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात फार काही नाही. कंपनीला नोटीस गेली. पाणी गार करून सोडायचं, असं ठरलं म्हणे. त्यासाठी पाणी गार करणाऱ्या मनोऱ्याचा पाया खणलेला आहे, त्यात गेल्या पावसाचं पाणी साचलेलं मी पाहिलं. पाट अजून वाहतो, आणि भांगाच्या दिवसांत काठावरून हात घातला तर पाणी ऊनच लागतं. भरपाईचा अर्ज इकडून तिकडं फिरतो आहे, कारण कंपनी म्हणते तळ्याची उघाडी तुम्हीच उघडलीत. ते खरंच आहे. मीही एक फळी ओढली होती.

माझा गेटपास त्याच आठवड्यात बंद झाला. नवऱ्याचा पुढच्या महिन्यात नवा झाला नाही. तो आता दुसऱ्या जिल्ह्यात एका साइटवर आहे, दोन महिन्यांनी एकदा येतो, फोनवर फारसं बोलत नाही. मी रोह्यात राहते. ताईनं प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला ठेवून घेतलं. आता ती मला नमुने आणायलाही पाठवते. मी पायऱ्या उतरते. कुणी वरून बादलीनं भरायला लागलं की माझा आवाज चढतो, लोकांना वाटतं ही बाई भांडकुदळ आहे.

दीर एकदा मुरुमाचा डंपर घेऊन आला होता. काकी उघाडीवर जाऊन बसली. म्हणाली, आत अजून बारीक मासे आहेत, बोली मासा असेपर्यंतची होती, मोठा-बारीक ठरलं नव्हतं. त्यानं एका कोपऱ्यात एक ढीग ओतला आणि गेला. तो ढीग तिथंच आहे, त्यावर गवत उगवलंय. पुढच्या दिवाळीपर्यंत तळ्यात जिताडा दिसला नाही तर बाकीचं बुजवणार, असं तो सांगून गेलाय. काकीचे गुडघे आता पाण्यात उतरू देत नाहीत. ती पिल्लं धरायला जाऊ शकत नाही.

मागच्या आठवड्यात फोन केला तर म्हणाली, "माज्यासाटी रडू नको. सायेबानं तुला बादली दिली, तू भरलीस. मी तुला कदी बोल लावला?" नाही लावला. तेच मला झोपू देत नाही.

काकी, तुला वाचता येत नाही, म्हणून हे तुझ्या मुलीकडून वाचून घे. पाऊस लागला की मी येते. ताईकडून रजा मागितली आहे, चार भरत्यांची, म्हणजे दोन दिवसांची. खाडीच्या तोंडाशी जाऊन जिताड्याची पिल्लं मी धरीन, तू काठावर बसून शिव्या देत शिकव. उघाडी उघडायच्या आधी पहाटे मी पाण्यात उतरून, नळीनं, बुडबुडा न येऊ देता बाटली भरीन, आणि साका गडद धरला तरी आधी बांधावर खेकडे बघीन. तीन वर्षं लागतील. दर भांगाला, दर उधाणाला मी येईन, जोवर तुझ्या हातभर मासा पुन्हा तुझ्या मांडीला घासून जात नाही तोवर. तुझ्या पेजेचं, त्या टेम्पोतल्या प्रवासाचं, आणि झाकून ठेवलेल्या ताटाचं मला दुसरं काही परत करता येत नाही. हे करीन.